मदत हवी आहे: १५ मिनिटांत देणगी मागायची आहे, स्लाइड कशा लावू?

जांबोटीकर
मंडळी, खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतल्या २५ मुलींसाठी आमची छोटी संस्था संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते, आठवी ते एसएसएलसी. वर्ग सुटला की ट्रॅक्स त्यांना घरी सोडते. पुढच्या आठवड्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या चाळीसेक कारखानदारांसमोर १५ मिनिटं मिळालीत आणि माझ्या स्लाइड झाल्यात ३२.

गेल्या वर्षी अशाच बैठकीत लोक फोटो बघून हळहळले. शेवटी एकानं विचारलं, "बरं, आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, "जमेल तसं द्या." जमेल तसं म्हणजे पाचशेच्या नोटा, एकूण ११,५००.

यंदा १० महिन्यांचा खर्च ३ लाख: ट्रॅक्स १,८०,०००, दोन शिक्षिकांचं मानधन ८०,०००, पुस्तकं नि रेनकोट २२,०००, ऑडिट नि किरकोळ १८,०००. हातात १,२०,००० आहेत. गोष्ट, हिशेब, मागणी यांचा क्रम कसा ठेवू?

गल्लीतला_गणपती
आमच्या मंडळात पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहिलं की काम होतं. स्लाइड कशाला ओ? शेजाऱ्यानं किती दिले ते मोठ्यानं सांगायचं, बास.

फौंड्रीवाला
मी समोर बसणाऱ्यांपैकी आहे. दोन गोष्टी करा. ते ऑडिटचे १८,००० काढून टाका, 'सगळा पैसा मुलींना' असं लिहा. आणि ऐंशी-जी मोठ्या अक्षरात टाका, सगळ्यांचा कर वाचतो म्हटल्यावर हात सैल होतो.

हिशेबी
फौंड्रीवाले, ऐंशी-जी लिहावं हे बरोबर, पण 'सगळ्यांचा' नको. नवीन कररचना घेतलेल्याला ही वजावट नाही. २,००० च्या वर रोख दिले तर जुन्या रचनेतल्यालाही नाही. स्लाइडवर नुसतं 'ऐंशी-जी पावती मिळेल, चेक किंवा यूपीआय' एवढं लिहा. आणि १८,००० लपवू नका. तुमच्यासारखाच कुणीतरी विचारणार, ऑडिट फुकट होतं काय? तिथं अडखळलात की बाकीच्या आकड्यांवरही शंका.

जांबोटीकर, तुमची अडचण क्रमाची कमी, मापाची जास्त आहे. गोष्ट एका मुलीची, हिशेब लाखांत, मागणी 'जमेल तसं'. ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिन्ही जुळत नाहीत. ३ लाखांना २५ नं भागा: एका मुलीचं वर्ष १२,०००. कमी पडतात १,८०,०००, म्हणजे १५ मुलींचं वर्ष. आता सगळीकडे हेच माप ठेवा.

गोष्ट एकच सांगा, आणि ती सगळ्यात मोठ्या खर्चावर येऊन थांबू दे. तुमचा ६० टक्के पैसा ट्रॅक्समध्ये जातो, तर गोष्ट ट्रॅक्सची हवी. पहिल्या येणाऱ्या मुलीची सांगितलीत तर टाळ्या पडतील, आणि पुढच्या स्लाइडवर गाडीचं भाडं दिसलं की लोक चमकतील. गोष्टीला चार मिनिटं, हिशेबाला तीन, मागणीला दोन, उरलेला वेळ प्रश्नांना. संस्थेचा इतिहास छापून हातात द्या.

मास्तरीणबाई
एक प्रश्न नक्की येणार: शक्ती योजनेत २०२३ पासून बायका-मुलींना सरकारी बस फुकट आहे, मग ट्रॅक्स कशाला? याचं उत्तर गोष्टीतच पाहिजे. आणि मुलींचे चेहरे दाखवू नका, आईवडिलांनी हो म्हटलं तरी. उद्या तीच मुलगी बाजारात ओळखली जाते.

जांबोटीकर
बाई, बरोबर बोललात. तिकिटाचा प्रश्नच नाही, शेवटची बस साडेपाचला जाते आणि वर्ग सुटतो सातला. एक मुलगी आहे, ट्रॅक्समध्ये कायम ड्रायव्हरशेजारी बसते, मागं बसली की घाटवळणाला ओकारी होते. गाडी नव्हती तेव्हा पावसाळ्यात वर्गाला यायचीच नाही. तिचंच सांगतो, फोटो चिखलानं भरलेल्या पायरीचा. पण १२,००० म्हटल्यावर 'माझी मुलगी कुठली' असं विचारतील का?

हिशेबी
विचारतील. वाटून देऊ नका. पैसा एकाच खात्यात जातो, ट्रॅक्स एकीसाठी निघत नाही. 'एका मुलीच्या खर्चाइतके' असंच म्हणा. शिवाय चाळिसांत पंधरा जण पूर्ण १२,००० देतील हे धरू नका. ६,००० चा, म्हणजे अर्ध्या वर्षाचा पर्याय ठेवा. त्याखाली स्वतःहून उतरू नका, कुणी दिलं तर नमस्कार करून घ्या. मागणी करून झाली की गप्प बसा, 'नाही जमलं तरी चालेल' म्हणू नका.

फौंड्रीवाला
१८,००० चं पटलं. पण मागणीचं वाक्य कन्नडमध्येही म्हणा, आमच्यातले निम्मे मराठी बोलत नाहीत.

मास्तरीणबाई
एकच वाक्य कन्नडमध्ये, तेही पैशाचं? वाईट दिसेल. गोष्टही दोन्हीत सांगा.

जांबोटीकर
दोन्हीत सांगितलं तर चारची आठ मिनिटं होतात. ते घरी घड्याळ लावून बघतो. स्लाइड ३२ च्या ६ झाल्या. शेवटची अशी: 'अजून १५ मुलींचं वर्ष उरलंय. एका वर्षाचे १२,०००, अर्ध्याचे ६,०००.' खाली क्यूआर. दीपप्रज्वलनाचा फोटो काढून टाकला, अध्यक्ष रागावलेत.