दहावीच्या अभ्यासक्रमातून काय काढायचं, आणि कशाच्या आधारावर?

पाथर्डीफाटा_पालक
मुलगी सीबीएसईला दहावीत आहे. शाळा काय शिकवत नाही यावर सगळेच बोलतात, टॅक्स शिकवा, प्रथमोपचार शिकवा, स्वयंपाक शिकवा. मला उलट विचारायचंय, मुद्दाम वगळावं काय आणि ते ठरवावं कसं? माझं मत सरळ आहे. एनसीईआरटीने दहावीच्या सायन्समधून आवर्त सारणीचा धडा आणि उत्क्रांती काढली त्यावर एवढा गदारोळ झाला, पण हे सगळं अकरावी-बारावीला येतंच ना? पोरांवरचं ओझं कमी झालं तर बिघडलं कुठे? पटत नसेल तर कारण सांगा, नुसता संताप नको.

कॉलेजरोड_केमिस्ट्री
संताप नाही, कारणच सांगते. अकरावीला येतं हे खरंय, पण कोणाच्या अकरावीला? आवर्त सारणी अकरावीच्या केमिस्ट्रीत आहे आणि उत्क्रांती बारावीच्या बायोलॉजीत. दहावीनंतर जी मुलं कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जातात किंवा शिक्षणच सोडतात त्यांच्यासाठी दहावीचं सायन्स हे आयुष्यातलं शेवटचं सायन्स असतं. त्यांच्यासाठी तो धडा पुढे ढकलला नाही, कायमचा गेला. उत्क्रांतीचं तर अजून कडक आहे, सायन्सला जाऊनही ज्याने बायो सोडलं आणि मॅथ्स घेतलं त्यालाही ती कधीच भेटणार नाही. म्हणून वगळताना माझा पहिला प्रश्न एकच असतो, ही गोष्ट कोणासाठी शेवटची संधी आहे? कोणासाठीच नसेल तर खुशाल काढा. नववीत जे आहे तेच दहावीत परत असेल तर एका ठिकाणचं काढा, मी स्वतः टाळ्या वाजवीन.

पाथर्डीफाटा_पालक
मान्य, पण कॉमर्सच्या मुलाला गॅलियमचं काय करायचंय मॅडम? आणि ज्याला हवं त्याला मोबाईलवर दोन मिनिटांत सापडतं. एनसीईआरटीने कारणं दिली होती त्यातही हे होतंच, जे मुलांना शिक्षकाच्या फारशा मदतीशिवाय समजतं ते काढलं म्हणून.

कॉलेजरोड_केमिस्ट्री
गॅलियमचंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. मेंडेलीव्हने 1869 मध्ये सारणी मांडली तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या खालची जागा रिकामी सोडली आणि थोड्याच काळात त्या न सापडलेल्या मूलद्रव्याचे गुणधर्म लिहून ठेवले, अणुवस्तुमान 68 च्या आसपास, घनता 5.9 च्या आसपास. 1875 ला फ्रान्समध्ये ते सापडलं. शोधणाऱ्याने घनता मोजली ती 4.7 आली. मेंडेलीव्हने कळवलं की तुमचा नमुना शुद्ध नसावा, परत मोजा. परत मोजली तर 5.9 आली! ज्याने तो धातू डोळ्याने पाहिला नव्हता त्याचा आकडा बरोबर आणि ज्याच्या हातात धातू होता त्याचा चूक. आता हे कॉमर्सच्या मुलाला का हवं? कारण नीट लावलेल्या माहितीतून न पाहिलेल्या गोष्टीबद्दल पैजेवर सांगता येतं आणि मग ते तपासून खरं-खोटं करता येतं, हा विचार त्याला शाळेत दुसरीकडे कुठे भेटणार? सारणी मोबाईलवर सापडते, बरोबर. पण हे शोधावं असं त्याला सुचणारच कसं, त्याला माहीतच नाही की असं काही असतं.

एलियट आइसनर हे स्टॅनफर्डचे चित्रकला शिक्षणातले प्राध्यापक, त्यांनी 1979 मध्ये नल करिक्युलमची, म्हणजे शाळा जे शिकवतच नाही त्याची, कल्पना मांडली त्यात दोन गोष्टी होत्या. एक, कुठले विषय शाळेत नाहीत. दुसरी, विचार करायच्या कुठल्या पद्धती शाळेत नाहीत. आपली भांडणं फक्त पहिलीवर होतात. धडा काढताना माहिती किती गेली ते सगळे मोजतात आणि विचाराची पद्धत कुठली गेली ते कोणी बघत नाही.

निफाडचा_बागायतदार
मी जरा वेगळं सांगतो, रागावू नका. पोरगं बारावी झालं, टक्के चांगले, पण सातबारा हातात दिला तर वाचता येत नाही. भोगवटादार वर्ग 1 काय, वर्ग 2 काय, काही नाही. अहो वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे माहीत नसल्यामुळे आमच्या भागात एक जण इसार देऊन बसला आणि पैसे अडकले. इतर अधिकारात बँकेचा बोजा आहे का, फेरफार नंबर कुठला, पोटखराबा किती, एवढं जरी शिकवलं तरी पुरे. आवर्त सारणी ठेवा नायतर काढा, पण हे टाका.

गणितमास्तर_सिडको
दादा, प्रश्न काय काढायचं हा आहे आणि तुम्ही टाकायचं सांगताय, पण मुद्दा सोडून द्यावा असा नाही. सातबारा नीट शिकवायचा तर माझ्या अंदाजाने सहा तासिका तरी लागतील, त्या कुठून आणायच्या ते सांगितल्याशिवाय मागणी पूर्ण होत नाही. टाकणारा नेहमी एकटा असतो आणि काढणारा सगळ्यांच्या शिव्या खातो, म्हणून अभ्यासक्रम फुगतो. यशपाल समितीने 1993 मध्येच ओझं कमी करा म्हणून अहवाल दिला होता, आणि दप्तर अजून तसंच आहे.

निफाडचा_बागायतदार
मग कशातून तरी काढा की सर. भूमितीच्या त्या रचना कशाला लागतात?

गणितमास्तर_सिडको
आता आलात माझ्या घरात :) पण खरंच करून बघू, कारण हे उदाहरण चांगलंय. एनसीईआरटीने दहावीतून भौमितिक रचनांचा धडा काढलाय. आपल्या बालभारतीच्या 2018 च्या पुस्तकात तो आहे. मॅडमची कसोटी लावू.

आधी बघायचं की पुढे कशाला आधार आहे. अकरावीच्या गणितात कंपास घेऊन काढायची रचना कुठेही लागत नाही, म्हणजे काढलं तर वरची इमारत पडत नाही. आवर्त सारणीचं तसं नाही, ती काढली की संयुजा आणि बंध नुसते पाठ करावे लागतात. म्हणजे या कसोटीवर रचना जाऊ शकतात. मग बघायचं शेवटची संधी आहे का. आहे, सगळ्यांचीच, सायन्सला जाणाऱ्यांचीसुद्धा. इथे अडचण सुरू होते.

मग तिसरं, विचार कुठला जातो. त्यातली एक रचना घ्या, वर्तुळाचा केंद्र न वापरता त्यावरच्या बिंदूतून स्पर्शिका काढणे. बिंदू प मधून जीवा पफ काढायची, एका कंसावर बिंदू ब घ्यायचा, कोन पबफ तयार होतो. तेवढाच कोन प जवळ, जीवेच्या ब नसलेल्या बाजूला काढायचा, तीच स्पर्शिका. मुलं पायऱ्या पाठ करतात आणि मार्क मिळवतात. मी विचारतो की ब दुसरीकडे घेतला असता तर स्पर्शिका बदलली असती का? त्याच कंसावर कुठेही घेतला तरी नाही बदलत, कारण एकाच कंसातले अंतर्लिखित कोन सारखे. हे उत्तर वर्गातली फार थोडी पोरं देतात. ज्यांना देता येत नाही त्यांच्यासाठी तो धडा आजसुद्धा शिकवला जात नाहीये, फक्त पुस्तकात छापलाय.

म्हणून माझं मत मॅडमपेक्षा वेगळं पडतं. मी सगळ्या रचना काढीन आणि ही एक ठेवीन, पण स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयाबरोबर जोडून, वेगळा धडा म्हणून नाही. त्यातून ज्या तासिका सुटतील त्या दादांच्या सातबाऱ्याला देईन, क्षेत्रफळाच्या धड्यात. हेक्टर, आर, पोटखराबा वजा जाता लागवडीलायक क्षेत्र, हे गणितच आहे.

सातपूर_मशीनशॉप
सर तुमचं पटलं नाही. आमच्याकडे आयटीआयचे फिटर येतात, त्यांना गोल प्लेटचा सेंटर काढायला सांगितला तर निम्मे बघत बसतात. दोन जीवा काढा, दोघींचे लंबदुभाजक काढा, छेदतात तिथे पंच मारा. शाळेत रचना केलेला पोरगा हे पटकन करतो. रचना काढल्या तर नुकसान सायन्सवाल्याचं नाही, माझ्या शॉप फ्लोअरवर येणाऱ्याचं आहे. सगळं काढायचा निर्णय घेणारे कॉलेजात गेलेले असतात म्हणून त्यांना हे दिसत नाही.

गणितमास्तर_सिडको
लंबदुभाजक आणि परिवर्तुळ खालच्या इयत्तांमध्ये येऊन गेलेलं असतं दादा, तुम्ही सांगताय ती रचना दहावीची नाहीच, त्यामुळे दहावीचा धडा ठेवून तुमचा प्रश्न सुटत नाही. पण कोण निर्णय घेतं हा तुमचा मुद्दा मला लागला. वगळायच्या बैठकीत आयटीआयचा निदेशक बसलेला मी कधी ऐकला नाही.

देवळाली_ताई
मला वेगळंच खटकतंय. सातबारा टाका म्हणणं सोपं आहे, पण माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी जमीनच नाही, द्राक्षबागेत रोजाने जाणारी घरं आहेत. बागायतदाराच्या पोराला तलाठी ऑफिसात वडलांबरोबर चार वेळा गेला की येईल वाचता. शाळेने ते शिकवायला घ्यावं का, जे एका घरात फुकट मिळतं आणि दुसऱ्या घरात कामाचंच नाही? मला वाटतं शिकवलंच तर त्यात एक गोष्ट हवी, आईचं नाव सातबाऱ्यावर आहे का हा प्रश्न. तो कुठल्याच घरात आपोआप शिकवला जात नाही.

निफाडचा_बागायतदार
ताई, आमच्याकडे नाही आईचं. बोललात ते बरोबर आहे. पण मजुराच्या पोरालाही उद्या प्लॉट घ्यायचाय ना, तो एनए आहे का वर्ग 2 आहे हे त्यालाच आधी कळायला पाहिजे, त्याला फसवणं सोपं.

पाथर्डीफाटा_पालक
केमिस्ट्री मॅडमचं शेवटच्या संधीचं पटलं, आवर्त सारणीबद्दल माझं मत बदलतंय. ओझ्याबद्दल नाही बदललं. 2020 ला आपल्या राज्याने कोविडमुळे 25 टक्के अभ्यासक्रम कमी केला तेव्हा कोणी हे प्रश्न विचारले होते का?

कॉलेजरोड_केमिस्ट्री
विचारायला वेळ नव्हता तेव्हा, आणि ते त्या वर्षी समजण्यासारखं होतं. पण पुढच्या वर्षी त्या बॅचला वरच्या वर्गात घेतलं तेव्हा काय काय राहिलंय याची यादी शिक्षकांना मिळायला हवी होती, ती माझ्यापर्यंत तरी आली नाही. अमुक इयत्तेत हे काढलं म्हणून तमुक इयत्तेत हे आधी शिकवा, एवढं एक पान. वगळण्याच्या परिपत्रकाबरोबर ते पान नसेल तर मी त्याला विचार करून वगळलेलं म्हणणार नाही.

सातपूर_मशीनशॉप
आणि त्या पानावर सही करणाऱ्यांत एक तरी फिटर शिकवणारा असू द्या. रचनांवर मी अजून सरांशी सहमत नाही, खालच्या वर्गात शिकवलेलं दहावीपर्यंत हातात राहत नाही, सराव सुटला की गेलं.