म्हणे, डबल मेजरला एकही क्रेडिट जास्त लागत नाही!

रिकामटेकडा: मुख्य विषयाला जोड म्हणून छोटा मायनर कशाला घेता? नीट आखणी केली तर दोन मुख्य विषयांचा डबल मेजर त्याच चार वर्षांत होतो, एकही क्रेडिट जास्त लागत नाही. मुलं आळशी झालीत, दुसरं काय!

चष्मिष्ट: "आळशी" वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर. 120 क्रेडिटची पदवी धरा. 40 सगळ्यांना सक्तीचे, 48 मेजरचे, 32 मोकळे. दुसरा मेजरही 48चाच. एकच कोर्स दोन्हीकडे धरायला बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. समजा चार-चार क्रेडिटचे दोन चालतात. 8 वजा झाले, तरी 40 उरतात आणि जागा 32ची. बेरीज 128. मायनर 20चा असेल तर तो मोकळ्या जागेतच मावतो.

रिकामटेकडा: माझं भौतिकशास्त्र-गणित होतं. शून्य जास्त लागले.

चष्मिष्ट: लागणारच नाहीत! तुमचं निम्मं गणित भौतिकशास्त्रासाठी सक्तीचंच होतं. भौतिकशास्त्राशेजारी इतिहास ठेवून बघा.

सोनचाफा: क्रेडिटचं सोडा हो, माझं गाडं कोर्सच्या साखळीत अडलं. दुसऱ्या मेजरचे चार कोर्स एकापाठोपाठ एक, प्रत्येक वर्षातून एकदाच. मी पाचव्या सेमिस्टरला सुरुवात केली, म्हणजे आठव्यात जेमतेम संपणार. सहाव्यात एक राहिला. तो परत मिळणार थेट आठव्यात! नाद सोडला, पण दुसऱ्या मेजरमधलं नाव रद्द करायचा अर्ज मुदतीत दिला नाही. पहिल्या मेजरचं सगळं पूर्ण असून पदवी अडकली.

गप्प_बसा: अर्ज विसरायचा आणि नियमांना नावं ठेवायची, छान.

सोनचाफा: त्या खिडकीवर तीनदा जाऊन या, मग बोला.

आईसाहेब: म्हणजे माझ्या मुलीला दोन प्रमाणपत्रं मिळणार ना?

चष्मिष्ट: नाही, ती दुहेरी पदवी. डबल मेजरला पदवी एकच. दुहेरीला 120वर किमान 30 तरी मागतात, म्हणजे 150च्या घरात. काही ठिकाणी आणखी.

गप्प_बसा: मायनर तर पदवीपत्रावर छापतही नाहीत, फक्त गुणपत्रकात एक ओळ. त्या ओळीसाठी पाच कोर्स?

सोनचाफा: माझ्या मुलाखतीत त्या एका ओळीवरच वीस मिनिटं गेली.

गप्प_बसा: मला चार मुलाखतींत एकानेही विचारलं नाही.

आईसाहेब: आमच्या भाच्याच्या पदवीपत्रावर छापलंय की!

चष्मिष्ट: ते विद्यापीठागणिक बदलतं. आणि जास्तीच्या क्रेडिटसाठी सरासरी गुणांची अट असते, तिचं कुणीच बोलत नाहीये. ती हुकली तर सेमिस्टरला ठरल्यापेक्षा जास्त कोर्स घेताच येत नाहीत. मग ते 8 कुठे बसवायचे?

रिकामटेकडा: बरं बाबा, "एकही" हा शब्द मागे घेतो. आळशी मात्र कायम.