मदत हवी आहे: एआरएम लॅपटॉपवर विंडोज गेम्स नीट चालतात का?

निनाद_के: मंडळी, स्नॅपड्रॅगन एक्स एलिटवाला लॅपटॉप घ्यायचा विचार चाललाय, बॅटरी आणि शांत पंखा यासाठी, पण रात्री तासभर गेम खेळायची सवय सुटणार नाहीये. बहुतेक सिंगल प्लेअर, आणि मित्रांसोबत व्हॅलोरंट. विंडोजमधलं प्रिझम, म्हणजे एक्स८६ चे प्रोग्राम एआरएमवर चालवणारं एमुलेशन, सगळं सांभाळून घेतं असं ऐकलंय, खरंय का? मित्राच्या मशीनवर एक ओपन वर्ल्ड गेम बघितला, शहरात फ्रेम्स २२ वर येत होत्या, बाहेर माळावर ३५.

रानवारा: एमुलेशन म्हटलं की स्पीड अर्धा, ग्राफिक्ससकट. नाद सोड.

खटपट्या: अर्धं बरोबर आहे. भाषांतर होतं ते फक्त प्रोसेसरच्या कोडचं, एक्स८६ चं एआरएममध्ये. ग्राफिक्सचं काम अ‍ॅड्रीनोच्या एआरएम ड्रायव्हरकडे जातं, तिथे भाषांतराचा भुर्दंड नाही, पण ती चिप मुळात इंटिग्रेटेड आहे हे विसरू नका. निनाद, मित्राला सांग सेटिंग्ज तशाच ठेवून रिझोल्युशन 1920x1200 वरून 1280x800 कर आणि त्याच दोन जागी परत बघ.

मॅकवाली_मीरा: माझ्या एम२ वर क्रॉसओव्हरने जुने गेम्स मस्त चालतात, तेच टाक ना!

खटपट्या: मीराताई, ते मॅकवर. तिकडे रोझेटा प्रोसेसरचा कोड बघतं आणि डायरेक्टएक्सचं मेटलमध्ये वेगळं रूपांतर करावं लागतं, इथे विंडोजच आहे त्यामुळे तो दुसरा टप्पा नाही.

निनाद_के: केलं! माळावर ३५ चे ५८ झाले, शहरात मात्र २२ चे जेमतेम २४.

खटपट्या: मग माळावर ग्राफिक्स चिप अडवत होती, पिक्सेल कमी केले की सुटली. शहरात गर्दी, ट्रॅफिक, फिजिक्स हे सगळं प्रोसेसर करतो आणि तेच भाषांतरातून जातंय, तिथे रिझोल्युशन कितीही पाडा फरक पडणार नाही. गर्दीची सेटिंग कमी करा, फ्रेम्स ३० ला लॉक करा. गेम सुरू होतानाच बंद पडत असेल तर बऱ्याचदा एव्हीएक्स हा प्रोसेसरच्या सूचनांचा संच लागतो म्हणून, विंडोज अपडेट करा, नवीन प्रिझममध्ये तो आलाय.

आणि व्हॅलोरंट विसरा. त्याचं अँटी-चीट कर्नलमध्ये ड्रायव्हर बसवतं, आणि प्रिझम ड्रायव्हरचं भाषांतर करतच नाही, कंपनीने एआरएमचा वेगळा ड्रायव्हर काढल्याशिवाय ते चालायचं नाही. हा वेगाचा प्रश्नच नाही.

रानवारा: ओके, ग्राफिक्सचं माहीत नव्हतं. पण नवीन भागात गेलं की मध्येच झटके बसतात त्याचं काय? सरासरी ४० दिसते तरी खेळवत नाही.

खटपट्या: पहिल्यांदा नवा कोड आला की तो तिथल्या तिथे भाषांतरित होतो, शेडरही तेव्हाच बनतात. एकाच रस्त्याने दोनदा जाऊन बघा, दुसऱ्यांदा झटके कमी झाले तर हेच. तरी तेवढेच राहिले तर मेमरी किंवा ड्रायव्हर, ते इथून सांगता येणार नाही.

निनाद_के: दोनदा गेलो, कमी झाले पण पूर्ण गेले नाहीत, चौकात अजून अडकतं. मशीन १६ जीबीचं आहे आणि त्यातलीच मेमरी ग्राफिक्सला जाते ना? ३२ वाल्यावर कोणी हाच प्रकार बघितलाय का?