मदत हवी आहे: सणाच्या बॉक्सचा ब्रॉडकास्ट 180 जणांना पाठवला, उत्तरं आली 4

गल्ल्यावरची_सून:
सासऱ्यांचं मिठाईचं दुकान आहे, मी गल्ला सांभाळते. सणाला 9 दिवस राहिलेत. काल सकाळी गिफ्ट बॉक्सचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्टने 180 जणांना टाकला आणि आतापर्यंत फक्त 4 उत्तरं आलीयत, त्यातल्या दोघांनी नुसते हात जोडलेत. खोके आणून ठेवलेत, माळा भरलाय. काय चुकलं ते सांगा पटकन, उद्या परत पाठवायचाय.

निवांत:
मेसेज कुठाय? तो बघितल्याशिवाय काय सांगणार.

हिशोबी_माणूस:
ब्रॉडकास्टला लिमिट असते म्हणून गेला नसेल सगळ्यांना. दोन लिस्ट करा.

मीनलताई:
लिमिट एका लिस्टला 256 ची आहे हो, यांचे 180 च आहेत. खरा प्रश्न वेगळाय. ताई, त्या 180 जणांनी तुमचा नंबर *त्यांच्या* फोनमध्ये सेव्ह केलाय का?

गल्ल्यावरची_सून:
आमच्याकडे सगळ्यांचे सेव्ह आहेत, बिल करताना नंबर घेतोच की.

मीनलताई:
तुमच्याकडे असून उपयोग नाही. ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय, बाकीच्यांकडे तो जातच नाही आणि तुम्हाला तसं कुणी कळवतही नाही. पाठवलेला मेसेज दाबून धरा आणि माहिती उघडा, कुणाला पोचला नि कुणी वाचला त्याची यादी दिसेल. ती मोजून इथे लिहा. आणि मेसेज पण टाका एकदाचा.

गल्ल्यावरची_सून:
बापरे. मोजले. पोचलाय 61 ला, वाचलाय 38 नी 😳
मेसेज हा होता, मामेसासऱ्यांनी लिहिलेला:

> 🎉🎉 सणाच्या हार्दिक शुभेच्छा 🎉🎉
> आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की सालाबादप्रमाणे यंदाही आमच्याकडे शुद्ध, दर्जेदार व स्वादिष्ट मिठाईचे आकर्षक गिफ्ट बॉक्स वाजवी दरात उपलब्ध आहेत. तरी सर्वांनी लाभ घ्यावा. त्वरा करा!!!

निवांत:
हे तर लग्नपत्रिकेसारखं झालं 😂 नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळच दिसते, आणि ती शुभेच्छांची. सणाच्या दिवसांत तसे पन्नास मेसेज येतात, मी तर न उघडता हात जोडतो. तुमच्या त्या दोघांनी बहुतेक तेच केलं.

ग्रुपवाला_बाळू:
ब्रॉडकास्टचं झंझट कशाला, सरळ ग्रुप काढा. आमच्या दुकानाचा आहे, सेव्हबिव्हची भानगडच नाही, सगळ्यांना पोचतं.

मीनलताई:
पोचतं खरं, पण न विचारता 180 गिऱ्हाइकांना एका ग्रुपात कोंबणार? सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आणि एकाने लिहिलं की भाव जास्त वाटतो, की ते सगळे वाचतात. ब्रॉडकास्टचं उत्तर फक्त तुमच्याकडे येतं, माणसाला वाटतं मलाच पाठवलाय.

ग्रुपवाला_बाळू:
फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं असं सेटिंग आहे, माहीत नाही वाटतं.

मीनलताई:
माहितीये. मग ऑर्डर तरी कुठे लिहिणार ते?

पाटीवाला:
स्टेटसला टाका ना, सोप्पं.

मीनलताई:
स्टेटसला तर दोन्हीकडून नंबर सेव्ह लागतो, म्हणजे तेच 61 परत.

कंटाळलेला:
मला एका मिठाईवाल्याचे रोज मेसेज येतात, बंद कसे करायचे? ब्लॉक केलं तर त्याला कळेल का, रोज समोरून जातो मी.

निवांत:
आर्काइव्ह करून टाक रे. ताई, हे पण लक्षात घ्या बरं का, रोज पाठवू नका.

हिशोबी_माणूस:
उरलेल्या 119 ना बल्क पाठवायचं सॉफ्टवेअर मिळतं, एका क्लिकवर जातं.

मीनलताई:
अजिबात नको. ज्यांच्याकडे नंबर सेव्ह नाही त्यांना अनोळखी नंबरवरून एकसारखा मेसेज गेला की ते रिपोर्ट करतात, आणि पुरेसे रिपोर्ट झाले की नंबरच बंद होतो. ऐन सणात दुकानाचा नंबर गेला तर काय कराल. ज्यांच्याशी आधी कधी चॅटवर बोलणं झालंय त्यांना एकेकाला नावाने पाठवा. बाकीच्यांना गल्ल्यावरच सांगा की नंबर सेव्ह करा, बॉक्स कधी निघाले ते कळवते. क्यूआर लावून भागत नाही, त्याने चॅट उघडते फक्त, सेव्ह ज्याचं त्याने करायचं.
आता मेसेज. वजन किती, कधीपर्यंत सांगायचं, किती दिवस टिकेल, यातलं एकही त्यात नाही. सांगा बघू.

गल्ल्यावरची_सून:
अर्धा किलो आणि एक किलो. बुधवारी भरायला घेणार, म्हणजे मंगळवारी रात्रीपर्यंत आकडा हवा. दुधाचं काही घालत नाही, सगळं कोरडं, लोक गावाला नेतात म्हणून.

निवांत:
हे "गावाला नेतात" हेच तर लिहायचं होतं, आणि तुम्ही आकर्षक नि दर्जेदार लिहिताय!

मीनलताई:
असं लिहून बघा. लिस्टमधल्या प्रत्येकाला वाटायला हवं की गल्ल्यावरून तुम्हीच बोलताय:

> नमस्कार, दुकानातून धाकटी सून बोलतेय 🙂 सणाचे बॉक्स बुधवारी भरायला घेतोय.
> *1* – अर्धा किलो, *2* – एक किलो. वजन खोका सोडून.
> यंदाही दुधाचं काही नाही, गावाला नेता येतील.
> मंगळवारी रात्री 8 पर्यंत नुसता 1 किंवा 2 लिहून पाठवा, तुमच्या नावाने बाजूला ठेवते.

शेवटी भाव टाका, नाहीतर अर्धे लोक तेवढंच विचारून गप्प बसतील. फोटो एकच, झाकण उघडलेल्या बॉक्सचा.

हिशोबी_माणूस:
वजन खोका सोडून, हे चांगलंय. आमच्याकडचा खोक्यासकट तोलतो.

गोडखाऊ:
शुगरवाल्यांसाठी काही आहे का?

गल्ल्यावरची_सून:
काल संध्याकाळी पाठवला, नंबर सेव्ह असलेल्या 61 जणांनाच. सासरे म्हणाले शुभेच्छा नाहीत हे बरं दिसत नाही, म्हणून शेवटच्या ओळीत टाकल्या. आज दुपारपर्यंत 23 उत्तरं! पण आता नवीनच घोळ. सात जणांनी नुसता "2" पाठवलाय. म्हणजे एक किलोचा बॉक्स की कुठलेतरी दोन बॉक्स? एका काकांनी लिहिलंय "1 आणि 2", ते दोन्ही मिळून दीड किलो समजायचं की तीन किलो 😭

मीनलताई:
अरे देवा, हे माझंच चुकलं. आकड्यांऐवजी "छोटा" आणि "मोठा" ठेवायला हवं होतं. सातही जणांना एकेक करून विचारा: "एक मोठा ठेवू ना?" ज्याला दोन हवेत तो लगेच सांगेल.

ग्रुपवाला_बाळू:
ग्रुपमध्ये हे झालं नसतं.

निवांत:
ग्रुपमध्ये त्या काकांना सगळ्यांनी मिळून तीन किलो घ्यायला लावले असते.

गल्ल्यावरची_सून:
पाच जणांना विचारलं, चौघांना मोठाच हवा होता, एकाला छोटे दोन. काका फोन उचलत नाहीयेत. आणि त्या 119 चं अजून काहीच नाही, आज गल्ल्यावर सांगून सांगून 9 जणांनी सेव्ह केलाय. माळा अजून तसाच आहे.