मोटार भरायचा धंदा खरंच मेला का?

रानवाट: सातवी शिकलेल्या पोराला मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं दुकान काढून द्यावं का, असं विचारलंत. त्याला बोअरमधल्या मोटारी काढायला-सोडायला उत्तम येतं, पंचक्रोशीतले बोअर त्याला पाठ आहेत. तरी मोटार भरायच्या दुकानात पैसे घालू नका. सौर पंप आले, धंदा मेला. त्याला पिठाची गिरणी काढून द्या.

तिसरा फेज: गिरणी! जे हातात आहे ते सोडून दळण दळायचं? सौर पंपाची दुरुस्ती पाच वर्षं पुरवठादाराकडे, हे खरं. म्हणून विजेवरच्या मोटारी कोणी उपटून टाकत नाही. पहिला हंगाम त्याने फक्त काढणं-सोडणं करावं, भरायला तालुक्याला द्यावी आणि तिथंच बसून शिकावं. जुनी तार कापण्याआधी खाचा, प्रत्येक गुंडीचे वेढे, तारेचा गेज आणि जोडणी वहीत उतरवायची. निघालेली तार तोलायची. नवीन तारेचं वजन फार वेगळं भरलं, तर वेढे किंवा गेज चुकला. एवढ्याला सातवी पुरते.

गोदाकाठ: आणि जळालेली मोटार बघून कारण सांगता आलं पाहिजे. दोन फेज काळे, एक कोरा, म्हणजे लाइनचा फेज गेला. महावितरणला धरा.

तिसरा फेज: अर्धंच बोललात. हे स्टार जोडणीत. डेल्टात उलट, एकच काळा होतो. आणि फेज दरवेळी लाइनवरच जातो असं नाही. स्टार्टरचा कॉन्टॅक्ट जळालेला असतो, नाहीतर बोअरमधला केबलचा जॉइंट सुटलेला असतो. ते न बघता मोटार सोडली की पंधरा दिवसांत परत वर, आणि शिव्या भरणाऱ्याला. तिन्ही फेज सारखे काळे असतील तर पंप जाम किंवा व्होल्टेज कमी.

गोदाकाठ: व्होल्टेज कमी का, तेही सांगा की! सगळ्यांनी ऑटो बसवलेत. लाइट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात.

काळी माती: रात्रीच्या पाळीला साप-विंचवातून तुम्ही जा बटण दाबायला! मग ऑटोला नावं ठेवा.

गोदाकाठ: मी ऑटो काढा म्हटलंच नाही. प्रत्येकाने टायमर वेगळा लावावा, एवढंच. पण शेजाऱ्याआधी पाणी हवं ना प्रत्येकाला.

विहीरवाले: मधेच विचारतो. आमची पाच एचपी भरून आणली, आठ दिवसांत बॉडीला करंट. तार हलकी घातली का?

तिसरा फेज: आधी जॉइंट बघा. मोटारीतून निघालेल्या तारा आणि केबल जिथं जुळतात तिथली टेप पाणी पिते. भरलेली मोटार जॉइंटसकट रात्रभर हौदात बुडवून सकाळी मेगर लावून करंट गळतो का बघायचं. कोरड्यात मेगर चांगलाच दाखवतो, त्याला अर्थ नाही. आणि सोडण्याआधी मोटारीत स्वच्छ पाणी काठोकाठ भरलं होतं का? आत हवा राहिली की बुश कोरडे घासतात.

रानवाट: बरं बाबा, गिरणी मागे घेतो. पण तारेचे पैसे रोख आणि मजुरी ऊस गेल्यावर, हे गणित तुमच्या वहीत कुठं बसतं?

तिसरा फेज: तारेचे पैसे घेतल्याशिवाय जुनी गुंडी कापायचीच नाही.

काळी माती: ऊस वाळत असताना सख्ख्या चुलत्याला असं सांगून दाखवा.