मदत हवी आहे: ब्रेक-ईव्हन चार लाख येतो, मग नफा निम्माच का उरतो?

नेरूळ_कट्टा
नेरूळला छोटं हॉटेल आहे. जीएसटी वगळून महिन्याची विक्री ६ लाख. भाडं ९० हजार, पगार १ लाख १० हजार, वीज-मेंटेनन्स वगैरे ४० हजार; म्हणजे गिऱ्हाईक येवो न येवो, २ लाख ४० हजार जातातच. किराणा, भाजी, चिकन, गॅस धरून विक्रीच्या ४० टक्के. २,४०,००० ÷ ०.६० = ४ लाख ब्रेक-ईव्हन, वरचे २ लाख मार्जिन ऑफ सेफ्टी. या हिशोबाने १ लाख २० हजार नफा हवा, उरतात ६० हजार. कुठे गळतंय?

तिखटमीठ
किचनमध्येच. चाळीस नाही, पन्नास टक्के लागत असणार. पन्नास घालून बघा, नफा बरोबर ६० हजार येतो. मेन्यूचे दर वाढवा.

खर्चवही
आकडा जुळला म्हणून कारण जुळत नाही. ६ लाखांत ॲपवरून किती? पॅकिंग, कमिशन कुठे धरलंय?

नेरूळ_कट्टा
२ लाख. पॅकिंग ५ टक्के, कमिशन त्यावरच्या जीएसटीसकट २५. ते कापूनच पैसे जमा होतात, म्हणून खर्चात लिहिलं नव्हतं.

खर्चवही
तिथेच आहे. विक्री पूर्ण बिलाची लिहिता, तर कमिशन खर्चात यायलाच हवं. ऑर्डरीबरोबर वाढतं म्हणून बदलत्या खर्चात. काउंटरच्या ४ लाखांवर ६० टक्क्यांनी २ लाख ४० हजार सुटतात. ॲपच्या २ लाखांवर ७० टक्के जातात, ६० हजार सुटतात. एकूण ३ लाख, म्हणजे विक्रीच्या ५० टक्के. ब्रेक-ईव्हन ४ लाख ८० हजार, मार्जिन ऑफ सेफ्टी १ लाख २० हजार, म्हणजे २० टक्के. पडताळा सोपा आहे: १ लाख २० हजारांचे ५० टक्के, ६० हजार. तुमचा नफा.

तिखटमीठ
मग ॲप बंदच करा की.

खर्चवही
मग ब्रेक-ईव्हन ४ लाखांवर येईल, पण विक्रीही ४ लाखच. नफा शून्य. ॲपचे ६० हजार आहेत म्हणून महिना तरतोय. उलट एकूण विक्री तीच राहून निम्मी ॲपवर गेली, तर सरासरी ४५ टक्के सुटतील आणि ब्रेक-ईव्हन ५ लाख ३३ हजारांवर चढेल. त्यामुळे हे प्रमाण दर महिन्याला तपासा.

घोडबंदर_रोड
माझा कर्जाचा हप्ता ३५ हजार आहे. तो स्थिर खर्चातच ना?

खर्चवही
व्याज हो, मुद्दल नाही. मुद्दलीची परतफेड हा खर्च नव्हे.

घोडबंदर_रोड
बँक दोन्ही एकदमच कापते हो. मी पूर्ण हप्ता धरूनच आकडा काढतो.

खर्चवही
रोख किती लागेल यासाठी धरा, पण तो आकडा वेगळा लिहा. नाहीतर हप्ते संपले की धंदा अचानक सुधारल्यासारखा दिसेल.

नेरूळ_कट्टा
ॲपवर दर १० टक्के जास्त ठेवले तर ऑर्डरी किती तुटतात? नवी मुंबईत कुणी करून पाहिलंय?