कॅलिब्रेशन : अंशशोधन की मिळवणी?

रंगारी : मॉनिटरला कलरीमीटर लावून जे करतात, त्या कॅलिब्रेशनला मराठीत काय म्हणावं? ‘अंशशोधन’ वाचलंय, पण ते थर्मामीटरचं वाटतं.

भाषाप्रेमी : अंशशोधनच. ते केलं की पडद्यावरचे रंग बरोबर होतात, मग फोटोच्या सॉफ्टवेअरमधला ड्रॉपर लावून कोणताही रंग मोजा.

छापखाना : ड्रॉपरची गल्लत होतेय. ड्रॉपर 128, 0, 0 सांगतो, तो आकडा फाइलमधला. मॉनिटर निळसर असो की पिवळट, आकडा तोच. काचेतून बाहेर पडणारा प्रकाश मोजतो तो काचेवर टेकवलेला कलरीमीटर.

शब्दाचं म्हणाल तर मापनशास्त्रात कॅलिब्रेशन म्हणजे उपकरण किती चुकतंय ते शोधून नोंदवणं. ते सुधारणं हे वेगळं काम. मॉनिटरवाले मात्र सुधारण्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात आणि नोंदीला प्रोफाइल. म्हणून ‘अंशशोधन’ खरं तर प्रोफाइलिंगला शोभतं. आधीच्या कामाला मी ‘मिळवणी’ म्हणेन, तबला मिळवतात तशी.

पैठणीघर : माझ्या साड्यांचं कॅटलॉग छापून काळपट आलं. मग मिळवणी चुकली की शोधन?

छापखाना : ब्राइटनेस किती होता?

पैठणीघर : पूर्ण.

छापखाना : मग बहुधा मिळवणीच राहिली. झगझगीत पडद्यावर फोटो उजळ भासतो, म्हणून आपण तो गडद करत जातो. माझा मॉनिटर अर्धा तास तापवून मोजला तेव्हा पांढरा 260 कँडेला आणि 7400 केल्विन आला, म्हणजे निळसर. मॉनिटरच्याच बटणांनी ब्राइटनेस 120 वर आणला आणि निळा कमी करत 6500 गाठलं. ही मिळवणी. मग यंत्राने रंगांचे चौकोन दाखवून प्रत्येक मोजला आणि प्रोफाइल लिहिली. फोटोचं सॉफ्टवेअर तीच वाचून फाइलमधले आकडे या पडद्यापुरते बदलतं. आर्गिल या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये या टप्प्यांच्या आज्ञा निरनिराळ्याच आहेत:

```
dispcal
dispread
colprof
```

पहिली मिळवते, दुसरी मोजते, तिसरी प्रोफाइल बनवते.

भाषाप्रेमी : मग शेवटी नवे चौकोन मोजून खात्री करतात, त्याला ‘पडताळणी’ म्हणू. वजनकाट्यावर वैधमापनवाले करतात तीच.

छापखाना : एकदम पटलं! फक्त, पडताळणी त्याच कलरीमीटरने केली तर त्याची स्वतःची चूक सापडत नाही. त्याचे फिल्टर डोळ्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. रुंद रंगपल्ल्याच्या एलईडी मॉनिटरवर मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार चुकीचा निवडला, तर आकडा 6500 म्हणतो आणि पांढरा डोळ्यांना हिरवट किंवा गुलाबी दिसतो. तेव्हा आधी ती निवड तपासायची.

रंगारी : मिळवणी, शोधन, पडताळणी. पण ग्राहकाला ‘मॉनिटर मिळवून घ्या’ म्हटलं, तर तो नवा विकत आणायला जाईल.

पैठणीघर : मी तरी तसंच समजले असते. ‘मॉनिटर लावून घ्या’ म्हटलं तर? सूर लावतात तसं.

छापखाना : ‘लावणे’ म्हणजे चालू करणंही झालं. अजून विचार करू.